मंगळवारी बारापर्यंत

एस्लिंगनमध्ये माझं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. श्टुटगार्टला लागूनच, नेकार नदीकाठी. पँट आखूड करणं, जॅकेटची चेन बदलणं, लग्नाच्या पोशाखाची कंबर आत घेणं, अशी कामं. जर्मनीत या धंद्याला ‘एंडरुंग्सश्नायडराय’ म्हणतात. दुकानात मी एकटीच असते. गिऱ्हाईक आरशापुढे उभं असताना तोंडात टाचण्या आणि हातात खडू असतो, तेव्हा फोन वाजला तरी उचलता येत नाही. म्हणून दुकानाच्या फोनवरचा निरोप, ज्याला इथे ‘आनझागे’ म्हणतात, तो माझ्या जागी बोलतो. तीन वर्षं तो काहीतरी चुकीचं बोलत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तो निरोप मी दुकान उघडलं त्या आठवड्यात घाईघाईनं केला होता. मजकूर कुठल्यातरी नमुन्यातून उचललेला. ‘सध्या तुम्ही आमच्या कामाच्या वेळेबाहेर फोन केला आहे, निरोप ठेवा, आम्ही पुढच्या वेर्कटागला उलट फोन करू,’ असा त्याचा अर्थ. ‘वेर्कटाग’ म्हणजे कामाचा दिवस, एवढंच मला माहीत होतं.

मग गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी अडीच वाजता एका बाईंनी निरोप ठेवला. दुकान दोनला बंद होतं. त्यांचे वडील गेले होते, मंगळवारी सकाळी दफनविधी होता आणि भावाचा काळा सूट त्याला दोन बोटं लांब होत होता. मी तो निरोप ऐकला मंगळवारी सकाळी, कारण रविवार आणि सोमवार माझं दुकान बंद असतं. लगेच फोन केला. बाई चिडल्या नाहीत. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, ‘‘मी सोमवारी दिवसभर फोन जवळ घेऊन बसले होते. तुमच्या मशीननं तसं सांगितलं होतं.’’

मला आधी कळेचना की मशीननं असं केव्हा सांगितलं. संध्याकाळी शोधलं तेव्हा उलगडा झाला. जर्मनीत ‘वेर्कटाग’ म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून बाकीचे सगळे दिवस. रजेच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात अशीच व्याख्या आहे आणि तिच्यात शनिवारही येतो. सोमवार ते शुक्रवार एवढंच म्हणायचं असेल तर लोक बहुतेक वेळा ‘आरबाइट्सटाग’ म्हणतात. माझं दुकान सोमवारी बंद असतं हे त्या शब्दाला काय माहीत? शनिवारी दुपारी फोन करणाऱ्या माणसाला मी गेली तीन वर्षं, ‘सोमवारी फोन करते,’ असा शब्द देत होते आणि दर आठवड्याला मोडत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या सांगलीच्या दुकानात वडील गिऱ्हाइकाला वार सांगायचे आणि त्या वाराला कपडा तयार ठेवायचेच, मग रात्री दोनपर्यंत मशीन चालवावं लागलं तरी. इथे मीच वार चुकीचा सांगत होते.

नवा मजकूर लिहायला मला माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मदत झाली. या बाई निवृत्त शिक्षिका आहेत, आयुष्यभर जर्मन शिकवलेल्या. चार वर्षांच्या ओळखीतही आम्ही एकमेकींना ‘झी’, म्हणजे अहो-जाहोच करतो. त्यांच्या कोटाचं अस्तर बदलून दिलं आणि पैसे घ्यायच्या वेळी माझा जुना निरोप त्यांना ऐकवला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि पहिली चूक दाखवली ती वेर्कटागची नव्हतीच. त्या म्हणाल्या, ‘‘मी बुधवारी सकाळी अकरा वाजता फोन केला होता. दुकान उघडं होतं. मशीन म्हणालं, तुम्ही कामाच्या वेळेबाहेर फोन करताय. मला वाटलं, तुम्ही आजारी आहात.’’

एकट्यानं दुकान चालवणाऱ्याच्या बाबतीत हे नेहमीच होणार. निम्मे फोन तर दुकान उघडं असतानाच मशीनवर जातात. त्यामुळे निरोपाचं पहिलं वाक्य असं हवं की ते बुधवारी सकाळी अकराला खरं असेल आणि रविवारी रात्री दहालाही. आम्ही लिहिलं, ‘वीअर क्योनन गेराडे निष्ट आन्स टेलेफोन कॉमन.’ आत्ता आम्हाला फोनपर्यंत येता येत नाहीये, बस. का येता येत नाही हे सांगायची गरजच नाही.

मग वेळा. आधी मी ‘हाल्प त्सेन ते हाल्प झीबन’ असं म्हटलं होतं. इथे आपल्या मराठी कानाची पंचाईत होते. आपलं साडेनऊ म्हणजे नऊ पूर्ण झाले आणि वर अर्धा. जर्मन माणूस त्याच वेळेला ‘अर्धे दहा’ म्हणतो, म्हणजे दहाव्या तासातला अर्धा झाला. माझी मुलगी शाळेतून आणखी एक प्रकार शिकून आलीये. इथल्या श्वाबिश बोलीत पावणेदहाला ‘ड्रायफिअर्टल त्सेन’ म्हणतात, दहाचे तीन चतुर्थांश. तीन चतुर्थांश म्हणजे पाऊण, म्हणून हे मला ऐकताक्षणी समजलं, आपलंच वाटलं. पण सव्वानऊला ते ‘फिअर्टल त्सेन’ म्हणतात, दहाचा पाव, आणि तिथे मी अजूनही क्षणभर थांबते.

माझ्या गिऱ्हाइकांत जन्मानं जर्मन असलेले जेमतेम निम्मे. बाकीचे तुर्की, इटालियन, क्रोएशियन आणि आसपासच्या कंपन्यांत काम करणारे आपल्याकडचे इंजिनिअर. इंग्रजी शिकलेला माणूस ‘हाल्प झीबन’ ऐकून मनात साडेसात धरतो. असे दोघेजण संध्याकाळी सातला येऊन बंद दारासमोर उभे राहिलेले मला ठाऊक आहेत. शिक्षिकाबाईंनी ‘हाल्प’ काढूनच टाकलं. घड्याळ जसं चोवीस तासांत छापलेलं असतं तसं बोलायचं, ‘नॉइन ऊअर ड्रायसिश’ आणि ‘आख्ट्सेन ऊअर ड्रायसिश’. रेल्वे स्टेशनवर असंच बोलतात, त्यामुळे परक्या माणसालाही ते समजतं. शिवाय ‘आख्ट्सेन’ म्हटलं की सकाळ की संध्याकाळ हा प्रश्नच उरत नाही.

उलट फोनच्या वाक्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. ‘लवकरात लवकर फोन करू,’ असं सगळेच म्हणतात, पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही, तो थांबायचं की दुसरं दुकान शोधायचं हे ठरवू शकत नाही. ‘चोवीस तासांत’ म्हणावं तर शनिवारी दुपारनंतर ते खोटं. आधी आम्ही वेर्कटागच्या जागी ‘ओफ्नुंग्सटाग’ हा शब्द घातला, दुकान उघडं असलेला दिवस. या एका शब्दानं बरंच काम झालं. सोमवार आपोआप वगळला गेला. 6 जानेवारीला आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये तीन राजांच्या सणाची सुट्टी असते आणि उत्तरेकडच्या बऱ्याच राज्यांत नसते, तीही वगळली गेली. दर सुट्टीला निरोप बदलायची गरज संपली.

पण त्या दिवशी केव्हा? बाईंनी विचारलं, ‘‘तुम्ही खरोखर किती वाजेपर्यंत करू शकता?’’ माझ्याकडे निरोपांची वही आहे, मी प्रत्येक निरोप वार आणि वेळेसह लिहून ठेवते. मागचे दोन महिने चाळले. सर्वांत जास्त निरोप साहजिकच मंगळवारी सकाळी असतात, रविवार-सोमवारचे साठलेले. जास्तीत जास्त नऊ निघाले. एका फोनला चार मिनिटं धरली तरी छत्तीस मिनिटं, आणि दोघातिघांना पुन्हा लावावं लागतं. सकाळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान लोक कपडे टाकायला येतात, तेव्हा जमत नाही. म्हणजे अकराचा शब्द देणं धोक्याचं, बाराचा सहज पाळता येईल असा. मी ‘बारा वाजेपर्यंत’ असं म्हटलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्याच्या आधी ‘श्पेटेस्टन्स’ घातलं, म्हणजे उशिरात उशिरा. तो शब्द नसेल तर बुधवारी अकराला फोन करणाऱ्याला वाटेल की आज फोन येणारच नाही, उद्याच येईल.

मजकूर तयार झाला आणि मी तो पुठ्ठ्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून काढला. वाचताना रोमन अक्षरं समोर असली की माझी जीभ इंग्रजीकडे वळते. देवनागरीत तसं होत नाही.

जर्मन ‘त्स’ आपल्याला फुकट मिळालाय. चूल, चोर, चमचा यांत आपण जो च म्हणतो तोच तो. ‘त्सेन’ म्हणताना मी मनात चूल म्हणते आणि तो अचूक येतो. अडचण दोन ठिकाणी होती. एक म्हणजे व. आपला व बोलताना ओठ गोल होतात आणि मऊ आवाज येतो. जर्मन ‘वीअर’ मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात, नाहीतर फोनवर पहिलं अक्षर विरून जातं. दुसरी अडचण ‘त्सुऱ्युक’ या शब्दाची. त्यातल्या स्वरासाठी देवनागरीत अक्षर नाही. ओठ उ म्हणायला गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं. मी पुठ्ठ्यावर त्या जागी लाल खडूनं एक गोल काढला, ओठांची आठवण म्हणून.

पण या शब्दानं त्रास दिला तो स्वरामुळे नाही, जागेमुळे. जर्मनमध्ये ‘उलट फोन करणे’ या क्रियापदाचे दोन तुकडे होतात. ‘रूफन’ वाक्यात सुरुवातीलाच येतं आणि ‘त्सुऱ्युक’ पार शेवटी जातं. मधे दिवस आणि वेळ. आपल्या मराठीतही क्रियापद शेवटी येतं आणि तिथे आवाज खाली उतरतो, ‘करते’ मधला ‘ते’ कित्येकदा तोंडातच राहतो. माझंही तेच होत होतं. बाराचा आकडा खणखणीत यायचा आणि त्यानंतरचं ‘त्सुऱ्युक’ गिळलं जायचं. रेकॉर्डिंग मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘आई, वाक्य अर्धंच आहे. तू बारा वाजेपर्यंत काय करणार ते कळतच नाही.’’

मी आठ-दहा वेळा पुन्हा वाचलं. दरवेळी शेवट सांभाळायला जायचे आणि मधली वेळ घाईत जायची. शेवटी बाईंना फोन केला. त्यांनी वाक्यच उलटं केलं. ‘वीअर रूफन झी त्सुऱ्युक’ हे आधी, लहान आणि पूर्ण. आम्ही तुम्हाला उलट फोन करू. मग क्षणभर थांबायचं, आणि मग ‘श्पेटेस्टन्स आन उन्झरम नेक्स्टन ओफ्नुंग्सटाग बिस त्स्व्योल्फ ऊअर’. लिहिताना व्याकरणाच्या वहीत असं करत नाहीत, पण बोलताना जर्मन माणसं सर्रास करतात. शब्द दिला गेला की नाही ते पहिल्याच श्वासात कळतं, आणि बारा हा आकडा शेवटी येतो, तो लक्षात राहतो.

क्रम ठरवताना त्यांनी अजून एक गोष्ट हलवली. मी ‘टोन वाजल्यावर नाव आणि नंबर सांगा,’ हे मधेच लिहिलं होतं आणि उलट फोनचा शब्द त्यानंतर. त्या म्हणाल्या की टोनच्या आधी जे शेवटचं ऐकू येतं, माणूस तेच करतो. म्हणून नाव-नंबरची विनंती शेवटी गेली, आणि नंबरच्या आधी ‘लांगझाम’, सावकाश, हा शब्द आला. जर्मन लोक नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात आणि जोडीत एकक आधी येतो, ‘सात आणि चाळीस’. आपलं सत्तेचाळीसही तसंच आहे. मी नंबर इंग्रजीत मनात धरायचे तोवर 47 चे 74 व्हायचे. आता मराठीतच ऐकते आणि लिहिते, चुका जवळजवळ थांबल्या. तरी कोणी भरभर सांगितलं तर चार वेळा ऐकावं लागतंच, म्हणून तो ‘लांगझाम’ माझ्या स्वार्थाचा आहे.

शेवट ‘आउफ वीडरहोरन’. समोरासमोर निरोप घेताना ‘वीडरझेएन’, पुन्हा भेटू, पुन्हा दिसू. फोनवर दिसत नाही, ऐकू येतं, म्हणून ‘होरन’. हे मला माहीत होतं, पण जुन्या निरोपात मी ‘झेएन’ म्हणून गेले होते.

पूर्ण मजकूर असा झाला:

‘गूटन टाग, हीअर इस्ट डी एंडरुंग्सश्नायडराय इन एस्लिंगन. वीअर क्योनन गेराडे निष्ट आन्स टेलेफोन कॉमन. गेओफ्नेट हाबन वीअर डीन्सटाग बिस फ्रायटाग फॉन नॉइन ऊअर ड्रायसिश बिस आख्ट्सेन ऊअर ड्रायसिश, झाम्सटाग फॉन त्सेन बिस फिअरत्सेन ऊअर. झोनटाग उंट मोनटाग इस्ट गेश्लॉसन. वीअर रूफन झी त्सुऱ्युक, श्पेटेस्टन्स आन उन्झरम नेक्स्टन ओफ्नुंग्सटाग बिस त्स्व्योल्फ ऊअर. बिटे झागन झी उन्स नाख डेम झिग्नालटोन ईरन नामन उंट लांगझाम ईरे टेलेफोननुमर. फीलन डांक, आउफ वीडरहोरन.’

त्यात दुकानाचं नाव जोडायचं. पुठ्ठ्यावर प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या ग खाली मी रेघ मारली होती, कारण ‘टाग’ लिहितात पण बोलताना शेवट कडक होतो, जवळजवळ ‘टाक’.

रेकॉर्डिंग आधी मी दुकानाच्या फोनवरूनच केलं. आमचं आन्सरिंग मशीन फ्रिट्झबॉक्स राउटरच्या आतच आहे, दुकानातल्या हँडसेटवरून `**600` फिरवलं की त्याचा मेनू बोलू लागतो. पण हँडसेट हातात धरून वाचताना प्रत्येक प आणि फ ला फुंकर बसत होती, आणि संपल्यावर बटण दाबल्याचा खट्ट आवाज निरोपात आला. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून फाइल राउटरमध्ये चढवायचं ठरवलं.

घरी स्वयंपाकघरात केलेलं रेकॉर्डिंग विहिरीतून आल्यासारखं वाटत होतं. फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. दुकान बंद झाल्यावर इस्त्रीचा बॉयलर आणि ओव्हरलॉक मशीन बंद केलं, आणि तयार कपड्यांच्या रॅकमध्ये शिरले. दोन्ही बाजूंना लोकरीचे हिवाळी कोट, मागे एक लग्नाचा पोशाख. तिथे टाळी वाजवून पाहिली तर आवाज जागच्या जागी मेला. अशी खोली पैसे देऊन मिळाली नसती. मोबाइल एका हँगरला क्लिपनं अडकवला, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला, म्हणजे फुंकर थेट माइकवर जाणार नाही. उभी राहून वाचलं. बसून वाचलं की वाक्याच्या शेवटी माझा श्वास संपतो. पाचव्या खेपेला जमलं. आधीची लांबी अठ्ठेचाळीस सेकंद होती, ही तेहतीस भरली.

मागे हळू संगीत टाकू या, असं मुलीचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. जर्मनीत धंद्याच्या फोनवर संगीत वाजवायचं तर ‘गेमा’ या संस्थेचा परवाना लागतो, किंवा तिच्या हक्कांत नसलेली धून शोधावी लागते. शिवाय त्या आवाजाखाली माझे आकडे दबले असते.

संगणकावर ते छान वाजलं आणि मी निर्धास्त झाले. चूक तिथेच होती. निरोप ऐकायचा तो फोनवर. जुन्या पद्धतीची फोनची लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज नेते. स आणि फ यांचा फरक बराचसा त्याच्या वर असतो, तो कापला जातो. म्हणून मी बाहेर रस्त्यावर जाऊन मोबाइलवरून दुकानाला फोन लावला आणि वीस सेकंद वाजू दिला, मशीन तेवढ्यानंतर उचलतं असं मी ठेवलंय. पहिलाच शब्द ‘टन टाग’ ऐकू आला. ‘गू’ गेला होता. फाइल मी अगदी आवाज सुरू होतो तिथून कापली होती आणि लाइन जोडली जाईपर्यंत पहिलं अक्षर निघून गेलं. सुरुवातीला एक सेकंद शांतता ठेवली तेव्हा ते परत आलं. शेवटीही अर्धा सेकंद ठेवला, नाहीतर टोन ‘होरन’ वर आदळत होता.

मग खरी परीक्षा. वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे, कानात यंत्र. त्यांना मी म्हटलं, ‘‘घरच्या फोनवरून माझ्या दुकानाला फोन करा आणि जे कळेल ते कागदावर लिहा, एकदाच ऐकून.’’ त्यांनी लिहिलेला कागद माझ्याकडे आहे. मंगळवार ते शुक्रवार 9.30 ते 18.30. शनिवार 10 ते 14. फोन येईल, 12 पर्यंत. सोमवार बंद हे त्यांनी लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘रविवारनंतर तुम्ही फार भरभर बोललात.’’ ते खरं होतं. रविवार बंद हे सगळ्या जर्मनीला माहीत आहे, म्हणून मी ते वाक्य पळवलं होतं, आणि त्यातच सोमवार पळाला. ज्या वारानं एवढा घोळ केला तोच. ते वाक्य वेगळं थांबून, सावकाश पुन्हा म्हटलं, रॅकमध्ये जाऊन, परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या बायकोनं ऐकलं आणि सोमवार लिहिला.

उन्हाळ्यात सांगलीला जाताना वेगळा निरोप लागतो, तो मी आता दुसऱ्या फाइलमध्ये करून ठेवलाय. त्यात ‘अमुक तारखेपर्यंत बंद’ म्हणत नाही, कारण ती तारीख धरून की सोडून, हा गोंधळ होतो. पुन्हा उघडणार तो वार आणि तारीखच सांगते. ‘युली’ महिना असेल तर ‘युलाय’ म्हणते, फोनवर ‘युनी’ आणि ‘युली’ सारखेच ऐकू येतात म्हणून इथली माणसंच तसं म्हणतात.

नवा निरोप गुरुवारी संध्याकाळी लावला. मंगळवारी सकाळी दुकान उघडून वही घेतली आणि मशीन सुरू केलं. सहा निरोप होते. तिसरा शनिवारी दुपारी तीनचा, कुणा तरुण मुलाचा. मुलाखतीसाठीच्या पँटबद्दल होता. नाव सांगितलं, नंबर जोड्याजोड्यांनी सावकाश सांगितला, आणि ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘आल्झो, मंगळवारी बारापर्यंत. मुलाखत गुरुवारी आहे, जमेल.’’ मी पावणेअकराला त्याला फोन केला.